मेडिकल निग्लिजन्सची तक्रार लिहिण्याआधी तारीखवार तक्ता करा

नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात प्रॅक्टिस सुरू करणाऱ्या ज्युनिअर्ससाठी लिहितोय. पक्षकार पिशवीभर कागद आणि डोक्यात राग घेऊन येतो, आणि आपण लगेच "घोर निष्काळजीपणा" वगैरे टाइप करायला बसतो. आधी सगळे केसपेपर मागवा. लेखी अर्ज दिला की डॉक्टरांच्या आचारसंहितेप्रमाणे ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, त्यामुळे अर्जाच्या कॉपीवर पोच घ्याच. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर केस उभी राहत नाही, नर्सिंग चार्ट हवाच.

मग तक्ता करायचा: तारीख-वेळ, काय घडलं, कोणी नोंदवलं, पान नंबर. विशेषणं अजिबात नकोत.

निफाडकडच्या एका बाईंची केस सांगतो. गर्भपिशवीचं ऑपरेशन दुपारी झालं. रात्री १० ला नर्सच्या चार्टवर नाडी ९६, बीपी ११०/७०. दीड वाजता नाडी १२४, बीपी ९०/६०, शेजारी "डॉक्टरांना फोन केला". त्यानंतर डॉक्टरांची नोंद थेट सकाळी ७:४० ची. मधे काही नाही. तक्त्यात ती रिकामी ओळ तशीच लिहायची, "१:३० ते ७:४० डॉक्टरांनी तपासल्याची नोंद नाही", बास. सकाळच्या नोटमध्ये मात्र "रात्रभर स्टेबल" असं लिहिलेलं, ते नर्सच्या चार्टशी जुळत नव्हतं. अशा वेळी खरं कुठलं ते आपण ठरवायचं नाही, दोन्ही ओळी पान नंबरासकट एकाखाली एक ठेवायच्या. वेळेबद्दल शंका असेल तर बाहेरचे कागद बघा, मेडिकलचं बिल, ब्लड बँकेची पावती, अँब्युलन्सची नोंद, कारण हे हॉस्पिटलच्या हातात नसतात.

आता मुद्दा कुठला घ्यायचा? ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला हा नाही. ती गुंतागुंत होऊ शकते, संमतीपत्रातही लिहिलेली असते, नुसत्या वाईट रिझल्टवर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. मुद्दा हा की नाडी चढत होती, बीपी पडत होता आणि सहा तास कोणी येऊन बघितलं नाही. मग त्या उशिराने काय बिघडलं ते जोडायचं, म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलने पोट पुन्हा उघडल्यावर काय सापडलं, किती रक्त चढवलं, ते त्यांच्या नोट्समधून. हा दुवा निसटला की समोरचा वकील म्हणणार, लवकर बघितलं असतं तरी हेच झालं असतं. त्यामुळे तक्ता दुसऱ्या सर्जनला दाखवून "या नाडीवर काय करायला हवं होतं" एवढंच लेखी मत घ्या. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ मत सक्तीचं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय, पण असल्या केसमध्ये ते नसेल तर अडचण होते.

तक्रारीचे परिच्छेद तक्त्यावरूनच उतरवायचे, प्रत्येक वाक्यापुढे पान नंबर. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, उशीर झालाच तर माफीचा वेगळा अर्ज जोडायचा. आणि नुकसानभरपाईचा आकडा बिलं मांडून झाल्यावर लिहा, आधी नाही.