छोट्या दवाखान्यातील रांग: विद्यार्थ्यांसाठी एक प्रकरण

ऑपरेशन्स मॅनेजमेंट नव्याने शिकणाऱ्यांना मी रांगेचा पहिला अभ्यास दवाखान्यातच करायला लावतो, कारण तिथे डॉक्टर एकच असतात आणि कंपाउंडरची वही हाताशी असते. पुढील प्रकरणातील आकडे हिशेबासाठी गोल धरले आहेत. संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत तासाला सरासरी 10 रुग्ण येतात आणि एका रुग्णामागे सरासरी 5 मिनिटे लागतात, म्हणजे तासाला 12 रुग्ण तपासता येतात. तरीही बाकावर सरासरी चार जण ताटकळत असतात.

पहिले काम नोंदीचे. प्रत्येक टोकनपुढे येण्याची, आत जाण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहावी. डोकी मोजू नयेत, टोकन मोजावेत. तापाने फणफणलेल्या एका मुलासोबत आई आणि आजी दोघीही आलेल्या असतात. केवळ आत-बाहेरचा वेळ धरला, तर दोन रुग्णांच्या मध्ये आलेला फोन किंवा एमआरची भेट हिशेबातून निसटते. म्हणून रांग लागलेली असताना एक रुग्ण आत गेल्यापासून पुढचा आत जाईपर्यंतचे अंतर मोजावे. बाक रिकामा असतानाचे अंतर मात्र वगळावे, कारण त्यात डॉक्टरांचा मोकळा वेळ मिसळलेला असतो.

दुसरे काम सरासरी प्रतीक्षेचे. रुग्णांचे येणे आणि तपासणीचा वेळ दोन्ही अनियमित मानणारे सूत्र असे आहे; त्यात λ म्हणजे तासाला येणारे रुग्ण, μ म्हणजे तासाला तपासता येणारे रुग्ण आणि Wq म्हणजे रांगेतील सरासरी प्रतीक्षा:

```
Wq = λ / (μ(μ − λ)) = 10 / (12 × 2) तास = 25 मिनिटे
```

आता वजन आणि बीपी कंपाउंडरने बाहेरच घेतल्यामुळे तपासणी साडेचार मिनिटांवर आली, असे समजून हेच गणित पुन्हा करावे. प्रतीक्षा साडेतेरा मिनिटांवर येते. अर्ध्या मिनिटाच्या बचतीने ती जवळपास निम्मी का झाली, याचे उत्तर μ − λ या फरकात शोधावे.

तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉक्टर 20 मिनिटे उशिरा आले, तर तोवर सरासरी तीन-साडेतीन रुग्ण साचतात. तपासणी सुरू झाल्यावर रांग तासाला फक्त दोनने कमी होते, त्यामुळे हा साठा ओसरायला सुमारे 100 मिनिटे लागतात. साडेसातला आलेला रुग्णही या उशिराची किंमत मोजतो, आणि दोष मात्र कंपाउंडरला मिळतो.

वरचे सूत्र दीर्घकाळ एकसारख्या चालणाऱ्या रांगेचे असल्याने तीन तासांच्या ओपीडीला ते तंतोतंत लागू पडत नाही. त्यासाठी स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात येण्याची, C मध्ये तपासणी सुरू होण्याची आणि D मध्ये ती संपण्याची वेळ, म्हणजे C अधिक त्या रुग्णाच्या तपासणीचा वेळ, ठेवावी. दुसऱ्या रुग्णापासून पुढे

```
C3: =MAX(B3,D2)
```

हे सूत्र खाली ओढावे. पहिल्या रुग्णासाठी D2 च्या जागी डॉक्टरांच्या आगमनाची वेळ घ्यावी. ही वेळ 6 आणि 6.20 अशी बदलून, प्रत्येक वेळी बाहेरच्या बीपीसह आणि त्याशिवाय, प्रतीक्षेचे चार निकाल काढावेत आणि डॉक्टरांना आधी कोणता बदल सुचवाल, ते आकड्यांनिशी लिहावे.