दोन रात्रींचा ऑफिस दौरा फक्त केबिन बॅगेत

कपडे सुटे मोजले की छोट्या दौऱ्यालाही बॅग फुगते. त्याऐवजी कोणत्या दिवशी काय घालणार ते ठरवून भरा. दोन रात्री, तीन दिवसांचा हिशेब असा:

१. कपडे: दोन गडद पँट आणि दोन्हींवर चालतील असे तीन शर्ट. एक जोड, ब्लेझर आणि बूट घालूनच निघा, कारण जास्त जागा तेच खातात. बॅगेत उरतात दोन शर्ट, एक पँट, रात्रीचे आणि आतले कपडे, मोजे. पँट आधी पसरा, तिचे पाय बॅगेबाहेर लोंबू द्या. मधोमध बाकीचे कपडे ठेवा आणि पाय त्यांच्यावरून आत घ्या. घडीत मऊ कपडे आल्यामुळे पँटवर कडक रेघ उमटत नाही. मीटिंगचा शर्ट सगळ्यात वर.

२. गॅजेट्स: लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल, तर त्याच चार्जरवर फोनही होतो. दुसरा चार्जर घरीच ठेवा. वायरी, पॉवर बँक एका पाऊचमध्ये, वरच्या कप्प्यात.

३. कागदपत्रं: मूळ ओळखपत्र अंगावरच्या खिशात. बोर्डिंग पास आणि हॉटेल बुकिंगचे स्क्रीनशॉट फोनमध्ये. नेट नसलं तरी उघडतात.

एक काळजी घ्या: विमान भरलेलं असेल तर गेटवर बॅग खाली सामानात टाकायला घेतात. तेव्हा पॉवर बँकेचं पाऊच आणि लॅपटॉप आधी बाहेर काढा. पॉवर बँक सामानात चालत नाही.