शिक्क्यांचं कार्ड आणि तीनशे रुपये

कोथरूडच्या एका बेकरीत मार्केटिंगचं पहिलं काम मिळालं, तेव्हा गेमिफिकेशन, म्हणजे ग्राहकाला खेळासारखं गुंतवून ठेवणं, मला ॲपमधल्या फिरणाऱ्या चाकापुरतंच ठाऊक होतं. मालकांना ॲप नकोच होतं. "पुठ्ठ्याचं कार्ड छाप, शिक्के मारू," म्हणाले.

कार्डावर आठ घरं ठेवली, पण दोन आधीच शिक्का मारलेली. सहा खरेद्या झाल्या की खारीचा पुडा फुकट. ही युक्ती माझी नव्हे. नून्स आणि ड्रेझ या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेल्या प्रयोगात गाड्या धुणाऱ्या एका केंद्रावर ३०० कार्डं वाटली होती. निम्म्यांवर आठ रिकामी घरं, निम्म्यांवर दहा, पण त्यातली दोन भरलेली. दोघांनाही आठच फेऱ्या बाकी, तरी कार्ड पूर्ण करणारे पहिल्या गटात १९ टक्के निघाले आणि दुसऱ्यात ३४. सुरुवात झालेली दिसली की माणसाला ती अर्धवट सोडवत नाही.

आमच्याकडे आठ आठवड्यांत कार्डवाल्यांच्या ३६० खरेद्या झाल्या. मालक खूश. पण कार्ड नसतं तर त्यातल्या किती झाल्या असत्या? हे कळावं म्हणून मी आधीच मोबाइलचा शेवटचा आकडा विषम असलेल्या १५० जणांना कार्ड दिलं होतं, सम असलेल्या १५० जणांना नाही. (एका आजींनी "मला का नाही रे?" विचारलं, तेव्हा मी गल्ल्यामागे लपलो.) बिनकार्डवाल्यांच्या खरेद्या भरल्या ३००. म्हणजे कार्डाची कमाई ६० खरेद्यांची.

एका खरेदीमागे साधारण ३० रुपये सुटायचे, म्हणून १,८०० रुपये. कार्ड छपाई ४५० आणि ३० जणांना दिलेल्या पुड्यांचा खर्च १,०५०. हातात उरले ३०० रुपये.

तेही खरे होते का, याची मला अजून शंका आहे. कार्डवाला शिक्क्यासाठी नंबर हमखास सांगायचा. दुसरा मात्र घाईत "राहू द्या" म्हणायचा आणि त्याची खरेदी नोंदलीच जायची नाही. त्यामुळे फरक फुगलेला असणार. दुसऱ्या फेरीत गल्ल्यावरच्या दादांना सांगितलं, बिल करण्याआधी प्रत्येकाला नंबर विचारायचा. फरक लगेच कमी झाला.

रविवारी भट्टीतून गरम खारी काढून चाखायला द्यायचा कार्यक्रमही आम्ही केला. इथे माणसांचे गट पाडता येत नाहीत, म्हणून एक रविवार सोडून एक. रविवारचा गल्ला वाढला, पण सोमवार-मंगळवारी तेवढाच घटला. ज्यांनी तसंही घेतलंच असतं, ते फक्त आधी आले होते. तेव्हापासून मी रविवारचा नव्हे, आख्ख्या आठवड्याचा गल्ला मोजतो, आणि गणपतीचे दिवस तर मोजणीत धरतच नाही.