सगळं बंद, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय: वायरमन येण्याआधीची तयारी

वायरमनला फोन करण्याआधी मोबाइल, कागद-पेन आणि टॉर्च घेऊन मीटरपाशी जा. मीटरवर imp/kWh च्या आधी छापलेला आकडा टिपून घ्या. आमच्याकडे तो 3200 आहे, म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातली सगळी बटणं बंद करून स्टॉपवॉच लावा आणि दहा लुकलुकींना किती वेळ लागतो ते पाहा. आमच्या मीटरवर 30 सेकंद लागले, म्हणजे एकीला तीन सेकंद. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, त्याला 3200 ने भागलं की एका लुकलुकीमागे 1125 ज्यूल. 1125 भागिले 3 म्हणजे 375 वॉट, दिवसाला नऊ युनिटं. टीव्हीचा किंवा राउटरचा स्टँडबाय एवढा खात नाही. दिवा न लुकलुकता नुसता पेटलेला असेल तर काळजी करू नका. बऱ्याच मीटरमध्ये लोड नसताना तो तसाच राहतो.

आता फ्रिज आणि इन्व्हर्टर यांचे प्लग काढा. इन्व्हर्टर विसरू नका, बॅटरी चार्ज होत असताना तो एकटाच दोनशे वॉट ओढू शकतो. मग मेन स्विच पाडा. लुकलुक थांबली तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी चढवत त्याला शोधता येतो.

आमची थांबली नाही. इथेच बहुतेक जण मीटर खराब ठरवून तक्रार लिहायला बसतात. जरा थांबा आणि मेन स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो का, ते बघा. आमचा जुना मेन फक्त फेज तोडत होता. आजची मीटरं फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारांतला करंट मोजतात आणि ज्यात जास्त, तो धरतात. त्यामुळे शेजारच्या घराचं न्यूट्रल कुठे तुमच्याशी जुळलं असेल, तर त्यांचा परतीचा करंट तुमच्या मीटरमधून जातो आणि तुमच्या नावावर चढतो. खूण सोपी आहे: संध्याकाळी शेजाऱ्यांचे पंखे सुरू झाले की लुकलुक वाढते आणि अर्थ लीकेजचा दिवाही पेटतो. मीटर स्वतःच बिघडलं असेल तर शेजारच्या पंख्याशी त्याचा काही संबंध नसतो.

म्हणून वायरमनला तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर आणायला सांगा. आमच्या फेजवर शून्य, न्यूट्रलवर 1.6 अँपिअर दिसले. 230 व्होल्टला साधारण तेच 375 वॉट. वरच्या मजल्याचं न्यूट्रल आमच्या न्यूट्रलच्या पट्टीवर जोडलेलं निघालं. ते वेगळं केल्यावर लुकलुक थांबली.

न्यूट्रल स्वतः सोडवू नका: सुटलेल्या तारेवर शेजारच्या लोडमुळे 230 व्होल्ट येऊ शकतात. मीटरच्या सीललाही हात लावू नका. मीटरमधून घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा वायरमनने तोडूनही दिवा लुकलुकत राहिला, तरच मीटर तपासणीचा अर्ज द्या; सोबत स्टॉपवॉचचा व्हिडिओ आणि रीडिंगचे दोन फोटो जोडा.