साखर कंपनीचा पी/ई ६, साबण कंपनीचा ५०: मग स्वस्त कोण?

सांगलीचा माणूस शेअर घ्यायला निघाला की साखर कंपन्यांवर त्याची नजर जातेच. आपल्याकडचे बरेच कारखाने सहकारी आहेत. सभासदाच्या भागाची बाजारात रोज खरेदी-विक्री होत नाही, त्यामुळे त्याचा पी/ई, म्हणजे शेअरचा भाव त्याच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे, ते काढता येत नाही. म्हणून इथे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचंच बघू.

समजा, साखर कंपनीचा शेअर १२० रुपयांना आहे आणि साबण कंपनीचा २,४०० रुपयांना.

आधी गेल्या चार तिमाहींचा प्रतिशेअर नफा बेरजेने काढा. साखरेची एकच तिमाही घेऊन चारने गुणू नका. गाळप हंगामी असतं, त्यामुळे तिमाहीगणिक नफा खूप बदलतो. जमीन विकून मिळालेले पैसे नफ्यात धरले असतील तर तेही वजा करा.

मग भावाला या नफ्याने भागा. साखरेचा नफा २० रुपये असेल तर पी/ई ६ येतो, साबणाचा ४८ असेल तर ५०. साखर फुकटात मिळतेय असं वाटतं. फसगत होते ती इथेच.

साबणाचा खप दरवर्षी थोडाथोडा वाढतो, नफा फारसा हलत नाही. साखरेचा नफा मात्र पाऊस, उसाची एफआरपी, निर्यातीची परवानगी आणि इथेनॉलचं धोरण यांवर ठरतो, आणि यातलं काहीच कंपनीच्या हातात नसतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि साखरेचे शेअर गडगडले. आठवड्याभरात थोडी सूट मिळाली खरी, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. हा धोका बाजाराला माहीत असतो. म्हणूनच तेजीच्या वर्षातल्या २० रुपयांना तो जास्त भाव देत नाही.

आता त्याच साखर कंपनीचा पाच वर्षांचा नफा मांडा: ३, उणे २, ५, ९ आणि २०. तोट्याचं वर्ष गाळायचं नाही. सरासरी ७ रुपये येते. १२० भागिले ७, म्हणजे पी/ई सुमारे १७. सहाचा सतरा झाला! उलट मंदीत नफा ३ रुपयांवर आला आणि भाव ६० झाला, तर पी/ई २० दिसेल, म्हणजे शेअर महाग वाटेल. चढ-उताराच्या धंद्यात सगळ्यात कमी पी/ई अनेकदा नफ्याच्या शिखरावरच दिसतो. तोट्याच्या वर्षी तर त्याला अर्थच उरत नाही.

त्यामुळे साबणाचा ५० बाजूला ठेवा. साखर कंपनीचा सरासरीवरचा पी/ई तिच्याच जुन्या वर्षांशी आणि दुसऱ्या साखर कंपन्यांशी ताडून बघा. त्यातही कर्ज वेगळं तपासा. सारख्याच पी/ईच्या दोन कंपन्यांपैकी एकीच्या डोक्यावर मोठं कर्ज असू शकतं, आणि मंदीत व्याज काही थांबत नाही. शिवाय उत्तर प्रदेशात उसाचा दर राज्य सरकार ठरवतं, महाराष्ट्रात केंद्राची एफआरपी लागू होते. तिथल्या कंपनीशी तुलना करताना हा फरक धरावाच लागतो.