चष्मा काढून ठेवल्याने नंबर थांबत नाही: या चुका टाळा

"सारखा चष्मा लावू नको, डोळ्यांला सवय लागंल." मराठवाड्यात लेकराला पहिला चष्मा लागला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हे सांगतंच. त्यामागची काळजी खरी असते, पण उपाय चुकीचा असतो.

लातूरची एक सहावीतली मुलगी समजा. दोन्ही डोळ्यांना मायनस दीड नंबर. आजीच्या सांगण्यावरून ती फक्त वर्गात फळा बघताना चष्मा लावते. वर्षाने तपासलं तर नंबर मायनस सव्वादोन. घरचे म्हणतात, "बघा, तरी चष्म्यानं वाढलाच." खरं तर या वयात अंगाबरोबर डोळाही वाढतो. मायनस नंबरात बुबुळापासून पडद्यापर्यंतचं अंतर गरजेपेक्षा जास्त लांबतं. ते एक मिलिमीटरने लांबलं तरी नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. चष्म्याची काच डोळ्याच्या बाहेर असते. ती प्रकाश पडद्यावर नीट आणते, डोळ्याची लांबी वाढवत नाही.

मग चष्मा काढल्यावर आधीपेक्षा जास्त धूसर का वाटतं? कारण आता मेंदूला स्पष्ट दिसण्याची ओळख झालेली असते. पूर्वी तीच धूसरता नेहमीची वाटायची. याची खात्री घरी करता येते. चष्मा काढा, एक डोळा हाताने झाका आणि पुस्तक हळूहळू लांब न्या. अक्षरं जिथे धूसर व्हायला लागतात तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. शंभराला त्या सेंटिमीटरने भागलं की ढोबळ मायनस नंबर येतो. या मुलीचं अंतर आधी 66 सेंमीच्या आसपास भरलं असतं, वर्षाने 44. दिवसभर चष्मा लावून संध्याकाळी मोजा, दुसऱ्या दिवशी न लावता मोजा. अंतर जवळपास तेवढंच येईल. हा खेळ तपासणीची जागा घेत नाही, पण आजीला समजावायला पुरेसा आहे.

दुसरी चूक यातूनच निघते: "डॉक्टर, थोडा कमीच नंबर द्या." मलेशियात मुलांना मुद्दाम पाऊण नंबर कमी दिला होता. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांत त्यांचा नंबर पूर्ण नंबर दिलेल्या मुलांपेक्षा जास्त वाढला. नंतरचे सगळे अभ्यास तितके ठाम नाहीत, पण कमी नंबराने वाढ रोखली जाते असा भरवसा त्यांतूनही मिळत नाही. मायनस एक इतका छोटा नंबर असेल तर पुस्तक वाचताना चष्मा काढला तरी नुकसान नाही. तो सोयीचा प्रश्न आहे.

आता मंद उजेड. भारनियमनात मेणबत्तीवर किंवा मोबाईलच्या टॉर्चवर वाचल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत. उजेड कमी असला की बाहुली मोठी होते, अक्षराची कड तितकी ठसठशीत दिसत नाही. आपण टक लावून बघतो आणि पापण्या कमी मिटतात. म्हणून डोळे चुरचुरतात, कपाळ दुखतं, झोपून उठलं की बरं वाटतं. पण दिसत नाही म्हणून लेकरू पुस्तक अगदी नाकाशी, वीतभर अंतरावर आणतं. लक्ष द्यायचं ते इथे. तासन् तास अगदी जवळून वाचण्याचा नंबर वाढण्याशी संबंध दिसलेला आहे. कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाशी नेल्यावर टेबल आणि डोळ्यांत जेवढं अंतर राहतं, निदान तेवढ्यावर पुस्तक हवं. दिव्याचा उजेड पुस्तकावर पडावा, डोळ्यांत नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डावीकडून बरा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून पोरं दिवसभर आत, आणि नंतर थेट शिकवणीला. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी 40 मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांत नव्याने मायनस नंबर लागण्याचं प्रमाण त्यांच्यात 30.4 टक्के होतं, इतरांत 39.5 टक्के. खोलीतल्या ट्यूबचा उजेड काहीशे लक्स असतो. मोकळ्यावर, लिंबाच्या सावलीतसुद्धा, तो कित्येक हजार लक्स भरतो. त्यामुळे बीड-परभणीच्या उन्हात दुपारी पोर बाहेर काढायची गरज नाही. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर खेळू द्या. याचा फायदा मुख्यतः नंबर लागू नये यासाठी आहे; लागलेला नंबर याने उतरत नाही.

एका बाबतीत मात्र थांबून बघू नका. लेकराच्या दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असेल, डोळा तिरळा दिसत असेल किंवा चष्मा लावूनही एका डोळ्याने धूसर दिसत असेल, तर मेंदू तो डोळा वापरायचाच सोडून देऊ शकतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर चांगला फरक पडतो, पुढे ते अवघड होत जातं. अशा लेकराने डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चष्मा दिवसभर लावायचा असतो, आणि त्याची तपासणी डोळ्यांत थेंब घालूनच करून घ्यावी. थेंब न घालता केलेल्या मशीनच्या तपासणीत लहान मुलांचा नंबर चुकू शकतो.