पेरणीआधीचं ट्रॅक्टर शिबिर आणि रेडिओवरचे तीस सेकंद

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टर तपासणीची शिबिरं लागतात. जाहिरात रेडिओवर द्यायची ठरते आणि संहिता लिहायला घेतली की आयोजक त्यात सगळं कोंबतात: ऑइल, फिल्टर, क्लच, ब्रेक, हायड्रॉलिक, बॅटरी, प्रायोजकांची नावं, दोन मोबाइल नंबर. तीस सेकंदांत ऐकून समजेल असे पन्नास-पंचावन्न मराठी शब्दच बसतात. त्याहून जास्त घातले की निवेदक पळत सुटतो आणि गोठ्यात धार काढणाऱ्या माणसाच्या कानात काहीच उरत नाही. म्हणून एकच बिघाड निवडा. खरिपाच्या तोंडावर माझी निवड एअर क्लीनरची, कारण उन्हाळी नांगरट आणि रोटाव्हेटर याच महिन्यांत चालतात आणि ट्रॅक्टर वर्षातली सर्वांत जास्त धूळ याच दिवसांत ओढतो.

संहिता अशी:

आवाज: ट्रॅक्टर चालू होतो, ओढ बसताच इंजिन दबतं. (दोन सेकंद)
पुतण्या: तात्या, ट्रॅक्टर काळा धूर टाकतोय.
तात्या: एअर क्लीनर कधी उघडलास?
पुतण्या: नांगरटीच्या आधी.
तात्या: म्हणजे उन्हाळ्याची सगळी धूळ त्यातच!
निवेदक: पेरणीआधी ट्रॅक्टर तपासून घ्या. मोफत तपासणी शिबिर, 21 आणि 22 मे, गुरुवार-शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. बाजार समितीच्या आवारात, वजनकाट्याजवळ. ऑइल आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे. एअर क्लीनर धुऊ नका, ट्रॅक्टर आहे तसा आणा. गुरुवार-शुक्रवार, बाजार समिती!

मोबाइल नंबर मुद्दाम घातलेला नाही. दहा आकडे सावकाश वाचायला पाच सेकंद लागतात, लक्षात राहावेत म्हणून दोनदा वाचले की स्पॉटचा तिसरा हिस्सा गेला, आणि शेतात कुणाच्या हातात पेन नसतं. त्यापेक्षा वजनकाटा ही खूण पुरते. ‘येत्या गुरुवारी’ असंही लिहू नका. स्पॉट आठवडाभर वाजतो. आधीच्या आठवड्यातल्या बुधवारी ऐकणारा उद्याच शिबिर समजून येतो. तारीख आणि वार दोन्ही हवेत. गुरुवारच्या सकाळसाठी मात्र ‘आज आणि उद्या’ असं वेगळं ध्वनिमुद्रण करून ठेवा.

‘ऑइल आणि सुट्या भागांचे पैसे वेगळे’ हे वाक्य वेळ वाचवायला कुणी काढू पाहील, ते काढू देऊ नका. नुसतं ‘मोफत शिबिर’ ऐकून आलेल्या माणसाला तिथे फिल्टरचं बिल दिसलं की तो पुढच्या वर्षी येत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

शिबिराची तारीखही विचार करून धरा. मृग 7-8 जूनला लागतो. 21-22 मेला तपासणी झाली तर एखादा पाइप किंवा सील तालुक्याला मिळाला नाही तरी मागवून बसवायला पंधरवडा हातात राहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं शिबिर फक्त दोष सांगू शकतं, दुरुस्ती पेरणीत अडकते.

आता संहितेतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य: ‘एअर क्लीनर धुऊ नका.’ शिबिराला जायचं म्हणून आपण ट्रॅक्टर धुऊन-पुसून नेतो. पण एअर क्लीनरमधली घाण हाच मेकॅनिकचा पुरावा असतो.

समजा, तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असलेला एक जुना ट्रॅक्टर आला. तक्रार अशी की रोटाव्हेटर टाकला की काळा धूर येतो, इंजिन दबतं, डिझेल जास्त जातं. काळा धूर म्हणजे जळायला हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जातं. मेकॅनिक आधी इंजिन बंद करून खालची वाटी सोडवतो. तेल राखाडी, दाट आणि तळाशी गाळाचा थर बसलेला असेल, तर साफसफाई लांबली हे उघड आहे. मग तो क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढतो आणि आतून पांढऱ्या फडक्याने पुसतो. फडक्यावर खरखरीत धूळ आली तर गोष्ट गंभीर. बहुधा पाइपला चीर असते किंवा क्लिप ढिली असते, आणि धूळ क्लीनरला वळसा घालून थेट इंजिनात जाते. लायनर आणि पिस्टन रिंगा यामुळे लवकर झिजतात. क्लीनर घरी धुतलेला असला तर वाटी चकचकीत दिसते, पण ती किती दिवस गाळाने भरलेली होती हे कळत नाही. पाइपही पुसून आणला असेल तर चीर नजरेतून सुटू शकते.

साफ करण्याची रीत साधी आहे. वाटी डिझेलने धुवायची, वरची जाळी डिझेलमध्ये खळबळून पूर्ण निथळू द्यायची, मग कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं इंजिन ऑइल खुणेपर्यंत भरायचं. खुणेच्या वर नाही. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा समज इथे महागात पडतो. जास्तीचं तेल हवेबरोबर इंजिनात ओढलं जातं, तिथे इंधनासारखं जळतं आणि इंजिन ताब्याबाहेर पळू शकतं. जाळी ओली असताना बसवली तरी तिच्यातलं डिझेल तसंच आत जातं.

नव्या ट्रॅक्टरांना बहुधा कागदी फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, डिझेल-पेट्रोल तर लावायचंच नाही. हलक्या हाताने झटकून आतून बाहेर कमी दाबाची हवा मारायची. कागद फाटला असेल तर बदलायचा. पंक्चरवाल्याकडे पूर्ण दाबाची हवा बाहेरून मारून घेतली की कागदाला बारीक भोकं पडतात आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो.

साफसफाई आणि पाइपची दुरुस्ती होऊनही काळा धूर राहिला, तर संशय नोझल किंवा पंपावर जातो. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. तेव्हा चालू इंजिनाच्या ब्रीदरमधून जोरात वाफारा येतोय का ते पाहायचं. येत असेल तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता मोठी. ही कामं बाजार समितीच्या आवारात होत नाहीत. मेकॅनिकने ते तिथेच स्पष्ट सांगावं, आणि शेतकऱ्याने पेरणी याच ट्रॅक्टरवर करायची की भाड्याने घ्यायचा, हे त्याच दिवशी ठरवावं.

येताना सर्व्हिस बुक आणा. ते हरवलं असेल तर शेवटचं इंजिन ऑइल मीटरवर किती तास असताना बदललं, ते कागदावर लिहून आणा. तेल बदलायचं असेल तर ट्रॅक्टर चालवत आणलेला बरा, गरम तेल गाळासकट पूर्ण उतरतं.

शिबिरानंतरही पेरणीपूर्वीच्या पाळ्या कोरड्या रानातच पडतात. तेवढे दिवस वाटी रोज सकाळी, ट्रॅक्टर चालू करण्याआधी, उघडून पाहा. पाऊस पडून रान ओलं झालं की ती तपासणी विरळ केली तरी चालते.